पाचशे पैजांचा हंगाम संगणकावर पुन्हा पुन्हा खेळवताना: सलग हार आणि दिवाळ्याची शक्यता

अंकवेडा

एका हंगामात पाचशे पैजा, प्रत्येक पैज एक युनिटची आणि प्रत्येकीचा दशांश भाव १.९१, एवढेच गृहीत धरून हंगामाच्या अखेरीस काय काय घडू शकते, हे यादृच्छिक अंकांच्या आधारे पाहण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. या भावाला नफा-तोटा बरोबरीत राहण्यासाठी ५२.३६ टक्के पैजा जिंकाव्या लागतात. मी जिंकण्याचे प्रमाण ५४ टक्के धरले आहे. त्यामुळे दर पैजेमागे सरासरी ०.०३१४ युनिट, म्हणजेच पूर्ण हंगामात १५.७ युनिट नफा अपेक्षित आहे. सुरुवातीचे भांडवल २० युनिट आहे आणि एक युनिटही शिल्लक राहिले नाही, तर दिवाळे निघाले असे मी मानतो.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
S, N, p, odds, bank = 20000, 500, 0.54, 1.91, 20
win = rng.random((S, N)) < p
path = bank + np.where(win, odds - 1, -1.0).cumsum(axis=1)
print((path[:, -1] < bank).mean())
print((path.min(axis=1) < 1).mean())
```

पहिला आकडा तोट्यात संपणाऱ्या हंगामांचा आहे आणि तो २२ टक्क्यांच्या आसपास येतो. दुसरा दिवाळ्याचा आहे आणि तो १६ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे ज्याला खरोखरच ५४ टक्के पैजा जिंकता येतात, अशा माणसाचेही पाचांपैकी एकाहून अधिक हंगाम तोट्यात जातात आणि सहांपैकी जवळपास एका हंगामात त्याचे भांडवल वाटेतच संपते. हे आकडे पटण्यासारखे आहेत का, आणि भांडवल किती ठेवावे हे ठरवताना त्यांच्यावर कितपत विसंबावे, हे जाणकारांनी सांगावे.

रात्रपाळी

मला यादृच्छिक अंक देणाऱ्या यंत्रणेचाच संशय येतो. आठ पैजा ओळीने हरण्याची शक्यता ०.४६ चा आठवा घात, म्हणजे ०.२ टक्के, पाचशेत एकदा. तुमचाच कार्यक्रम चालवून मी प्रत्येक हंगामातली सर्वांत लांब सलग हार मोजली, तर दर दहापैकी चार हंगामांत आठ किंवा त्याहून अधिक पैजा ओळीने हरलेल्या दिसल्या. पाचशेत एकदा घडणारी गोष्ट दहांत चारदा घडत असेल, तर अंक खऱ्या अर्थाने यादृच्छिक नाहीत, असाच त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्ष व्यवहारात आठ ओळीने हरलो, तर माझी पद्धत बिघडली आहे असे समजून मी थांबतो.

दुर्बीण

रात्रपाळी, तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. एखादी ठरावीक पैज दाखवून ‘येथून पुढच्या आठही हराल का’ असे विचारले, तर उत्तर ०.२ टक्के. हंगामात मात्र ही मालिका कोठूनही सुरू होऊ शकते. प्रत्येक मालिका एखाद्या जिंकलेल्या पैजेनंतर सुरू होते असे धरले, तर ४९२ जागा गुणिले ०.५४ गुणिले ०.००२ म्हणजे हंगामामागे सरासरी ०.५३ अशा मालिका येतात. एकही मालिका न येण्याची शक्यता साधारण e^(-0.53), म्हणजे ५९ टक्के, आणि निदान एक येण्याची ४१ टक्के. तुम्ही मोजलेला आकडा नेमका हाच आहे, तेव्हा यंत्रणा निर्दोष आहे.

याच रीतीने सात ओळीने हरण्याची वेळ ६९ टक्के हंगामांत येते आणि दहा ओळीने हरण्याची सुमारे ११ टक्के हंगामांत. आठ हारींनंतर थांबण्याचा नियम पाळला, तर चांगली चाललेली पद्धतही दहांपैकी चार हंगामांत तुम्ही अर्ध्यावर सोडून द्याल. त्यातून पद्धत बिघडली असल्याचा पुरावाही विशेष मिळत नाही, कारण जिंकण्याचे खरे प्रमाण ५४ ऐवजी ५० टक्के असते, तरी आठची मालिका दिसण्याची शक्यता फक्त साठीपर्यंत जाते. ४१ आणि ६० यांतला फरक एका हंगामावरून ओळखता येत नाही.

अंकवेडा, तुमच्या कार्यक्रमाबद्दल एक सूचना आहे. दिवाळे निघालेला हंगामही त्यात पाचशेव्या पैजेपर्यंत खेळत राहतो. ज्याच्याकडे काही उरलेले नाही तो उसन्या हवेवर पुढच्या पैजा लावतो, सावरतो आणि शेवटी नफ्यात मोजला जातो. दिवाळ्याचा आकडा किमान शिलकेवरून काढलेला असल्यामुळे तो ठीक आहे, पण तोट्याचा २२ टक्क्यांचा आकडा कमी दिसतो. `path` मधील किमान शिल्लक शून्याखाली असूनही अखेरची शिल्लक २० पेक्षा जास्त असलेले हंगाम छापून पाहा, म्हणजे ही भुते दिसतील.

अंकवेडा

दिवाळे निघताच हंगाम थांबवला, तेव्हा तोट्याचा आकडा २२ वरून २६ टक्क्यांच्या जवळ गेला. दिवाळ्याचा आकडा अर्थातच जागचा हलला नाही.

दामदुप्पट

एवढी चिंता कशासाठी, हे मला समजले नाही. निम्म्याहून अधिक पैजा जिंकणारच असाल, तर हरल्यावर पुढची पैज दुप्पट करावी आणि जिंकल्यावर पुन्हा एका युनिटवर यावे. सुरुवातीला १२७ युनिट ठेवले, तर ओळीने सहा हारी सहज पचतात आणि सातव्या पैजेसाठीही ६४ युनिट उरतात. मी कागदावर ही रीत बराच काळ चालवली आहे आणि ती एकदाही फसलेली नाही. आपल्या कार्यक्रमात हा पर्याय घालून तो कोणत्या संघावर लावणे योग्य ठरेल, तेही कळवावे.

सरळरेघ

कोणता संघ जिंकेल हे हा कार्यक्रम सांगत नाही. जिंकण्याचे प्रमाण आपण त्याला बाहेरून देतो आणि तो फक्त त्याचे परिणाम दाखवतो.

दुप्पट करण्याबद्दलचे उत्तर वरच आले आहे. १२७ युनिटांचे भांडवल सात ओळीने हरले की संपते, आणि सातची मालिका ६९ टक्के हंगामांत येते. ती उशिरा आली, तर मधल्या काळात जमलेल्या नफ्यामुळे काही हंगाम वाचतील, पण आठव्या पैजेला १२८ युनिट लागतात आणि तेवढा नफा हंगामाचा बराच भाग सरेपर्यंत जमत नाही. शिवाय १.९१ या भावाला दुप्पट करून नुकसान पूर्ण भरूनही निघत नाही. चार ओळीने हरून पाचवी जिंकली, तर १५ युनिट गेलेले असतात आणि १६ युनिटांवर १४.५६ मिळतात, म्हणजे जिंकूनही ०.४४ युनिटांचा तोटा होतो. कागदावर फसली नाही याचा अर्थ सातची मालिका अजून आली नाही, एवढाच आहे.

लांबपल्ला

मी फक्त ६.०० च्या आसपासच्या भावांवर पैजा लावतो. माझ्या नोंदींनुसार त्यांतल्या सुमारे १८ टक्के जिंकतात, म्हणजे प्रत्येक युनिटमागे आठ टक्क्यांचा लाभ होतो, आणि तो तुमच्या तीन टक्क्यांपेक्षा बराच जास्त आहे. असे असताना या हंगामात मी वीसहून अधिक पैजा ओळीने हरलो आणि शेवटी पैजा निम्म्या केल्या. आठच्या मालिकेवर इतकी चर्चा चाललेली पाहून माझे काय चुकले असावे, असा प्रश्न पडला आहे.

दुर्बीण

काही चुकले असेलच असे नाही. ८२ टक्के हारींच्या पाचशे पैजांमध्ये सर्वांत लांब सलग हार सरासरीने २५ च्या आसपास असते. वीसची मालिका आली नसती, तरच मी नोंदी पुन्हा तपासायला सांगितले असते.

तुमच्या बाबतीत मालिकेपेक्षा युनिटचा आकार तपासावा. अंकवेडा यांच्या एका पैजेचे प्रमाण विचलन ०.९५ युनिट आहे आणि तुमच्या एका पैजेचे २.३ युनिट. दोघांनीही भांडवलाचा तेवढाच हिस्सा एका पैजेवर लावला, तर तुमची शिल्लक जवळपास अडीचपट हेलकावे खाते. लाभाची टक्केवारी जास्त आहे म्हणून पैजही मोठी असावी, हे लांब भावांना लागू पडत नाही.

अंकवेडा

भांडवल ४० युनिट करून कार्यक्रम पुन्हा चालवला. दिवाळ्याची शक्यता १६ वरून थेट १.३ टक्क्यांवर आली. भांडवल दुप्पट केल्यावर धोका निम्मा होईल अशी माझी अटकळ होती, प्रत्यक्षात तो बारापटीने कमी झाला. हंगामातली शिखरापासूनची सर्वांत मोठी घसरण सरासरीने २० युनिटांच्या आसपास दिसते, तेव्हा ४० युनिटांत ती सामावते, हेही समजण्यासारखे आहे. हंगामांची संख्या २०,००० वरून दोन लाखांवर नेली, तरी आकडा फारसा बदलत नाही. मग ४० युनिट पुरेसे आहेत असे मानण्यास हरकत नसावी.

दुर्बीण

धोका सरळ प्रमाणात कमी न होता घातांकाने कमी होतो, म्हणून तुम्हाला एवढी मोठी घट दिसली. मुदत अमर्याद धरली, तर दिवाळ्याची शक्यता साधारण `exp(-2*m*B/v)` अशी असते. येथे m हा दर पैजेमागचा अपेक्षित नफा, v हा प्रमाण विचलनाचा वर्ग आणि B हे भांडवल. तुमच्या आकड्यांसाठी २० युनिटांना २५ टक्के आणि ४० युनिटांना ६ टक्के येतात. हंगाम पाचशेव्या पैजेला संपतो, म्हणून तुमचे आकडे त्याहून कमी आहेत. आकडा या मर्यादेपेक्षा वर गेला, तर कार्यक्रमात चूक आहे असे समजावे.

मात्र ‘४० पुरेसे’ या निष्कर्षाला माझी हरकत आहे. हंगामांची संख्या वाढवून फक्त नमुना लहान असल्यामुळे येणारी चूक कमी होते, आणि २०,००० हंगामांना ती चूक पाव टक्क्याच्या आसपास, म्हणजे आधीच नगण्य आहे. खरी अनिश्चितता तुम्ही वर लिहून टाकलेल्या `p = 0.54` या एका ओळीत आहे, आणि ती दोन लाख हंगाम खेळवले तरी तसूभर हलत नाही. ५४ टक्के हा आकडा कोठून आला? मागच्या हंगामातल्या पाचशे पैजांपैकी २७० जिंकल्या म्हणून आला असेल, तर त्या मोजमापाचेच प्रमाण विचलन २.२ टक्क्यांचे आहे. बरोबरीची रेषा ५२.३६ वर, म्हणजे तुमच्या आकड्यापासून फक्त १.६४ टक्के खाली आहे. तेव्हा खरे प्रमाण त्या रेषेखाली असणे मुळीच असंभाव्य नाही.

खरे प्रमाण ५२ टक्के असेल, तर त्याच ४० युनिटांत दिवाळ्याची शक्यता १.३ वरून साडेआठ टक्क्यांच्या आसपास जाते आणि २० युनिटांत ती ४० टक्क्यांच्या पुढे जाते. दोन टक्क्यांचा फरक नोंदवहीत डोळ्यांना दिसतही नाही, कारण पाचशे पैजांत तो फक्त दहा जिंकलेल्या पैजांचा असतो. म्हणून प्रत्येक हंगामासाठी आधी जिंकण्याचे प्रमाणच यादृच्छिक रीतीने निवडावे आणि मग त्या प्रमाणाने पाचशे पैजा खेळवाव्यात. `win` च्या आधी ही एकच ओळ घालावी लागेल.

```python
p = rng.beta(270, 230, size=(S, 1))
```

आकार `(S, 1)` असाच ठेवावा. तो `(S, N)` केला, तर प्रत्येक पैजेला नवे प्रमाण मिळते, ते सगळे सरासरीत विरून जाते आणि उत्तर पुन्हा जुन्यासारखेच दिसू लागते. ही चूक सहज होते, आणि कार्यक्रम त्याबद्दल कोणतीही तक्रार करीत नाही.

अंकवेडा

ही ओळ घालून पाहिले. २० युनिटांचा आकडा १६ वरून २३ टक्क्यांच्या आसपास गेला, पण ४० युनिटांचा १.३ वरून ५ टक्क्यांच्या आसपास गेला, म्हणजे जवळपास चौपट झाला. दिवाळ्याचा विचार बाजूला ठेवून फक्त तोट्यात संपणारे हंगाम मोजले, तर ते २२ ऐवजी ३० टक्क्यांच्या जवळ आहेत. भांडवल जितके जास्त तितका हा बदल मोठा का दिसतो?

दुर्बीण

भांडवल मोठे असले की निव्वळ दुर्दैवाने ते संपणे अवघड होते. जे हंगाम तरीही बुडतात, त्यांतल्या बहुतेकांमध्ये खरे प्रमाणच बरोबरीच्या रेषेखाली असते. तशा हंगामात भांडवल वाढवल्याने मुख्यतः शेवट लांबतो.

एवढे करूनही `beta(270, 230)` हा अंदाज उदारच म्हणावा लागेल. बहुतेकांनी अनेक पद्धती तपासून पाहिलेल्या असतात आणि त्यांतली ५४ टक्के दिसलेली तेवढी ठेवलेली असते. निवडीमुळे फुगलेला हा आकडा खाली ओढण्यासाठी मी ५२ टक्के जिंकलेल्या एक हजार काल्पनिक पैजा त्यात मिसळतो, म्हणजे `beta(790, 710)`. मग सरासरी ५२.६७ टक्क्यांवर येते आणि नफा जेमतेम उरतो.

सरळरेघ

एक हजारच का? शंभर मिसळल्या तर प्रमाण ५३.६७ टक्के राहते आणि पद्धत चांगली वाटते. पाच हजार मिसळल्या तर नफा पुसलाच जातो. उत्तर जर या एका आकड्यावर अवलंबून असेल, तर ते सिम्युलेशनने दिलेले नसून तुमच्या मताने दिलेले आहे.

मुळात २० युनिटांचे भांडवल म्हणजे प्रत्येक पैजेवर सुरुवातीच्या भांडवलाचे ५ टक्के. बेल लॅब्जमधील केली यांनी १९५६ साली मांडलेल्या सूत्राने ५४ टक्के आणि १.९१ या भावासाठी ३.४५ टक्के येतात. म्हणजे प्रमाण अचूक माहीत आहे असे धरले, तरी ही पैज पहिल्याच दिवशी मोठी आहे. दर वेळी चालू शिलकेचा ठरावीक हिस्सा लावला, तर पाचशे पैजांनंतर मधला हंगाम ३.४५ टक्क्यांना मूळ भांडवलाच्या १.३१ पटींवर, ५ टक्क्यांना १.२४ पटींवर आणि फक्त १.७ टक्क्यांना १.२२ पटींवर संपतो. म्हणजे ५ ऐवजी १.७ टक्के लावले, तर मधल्या निकालात फारसे काही जात नाही, उलट हेलकावे एक-तृतीयांशावर येतात. सात टक्के लावले, तर ५४ टक्के जिंकूनही मधला हंगाम किंचित तोट्यात जातो.

रात्रपाळी

शिलकेचा हिस्सा लावायचा असेल, तर शिल्लक कधीच शून्य होणार नाही. मग दिवाळ्याचा प्रश्नच मिटला.

सरळरेघ

शून्य होत नाही, पण शिल्लक दहाव्या हिश्श्यावर आलेल्या माणसाला त्याचा आनंद किती होईल, याची शंका आहे. म्हणून तेथे दिवाळ्याऐवजी ‘भांडवल निम्मे झाले’ ही पायरी धरावी. केलीचा पूर्ण हिस्सा दीर्घकाळ लावत राहिले, तर कधी ना कधी निम्म्यावर येण्याची शक्यता साधारण निम्मी असते, आणि अर्धा हिस्सा लावला तर सुमारे आठात एक. अर्थात प्रमाण ५४ टक्केच आहे, हे येथेही गृहीत आहे.

दुर्बीण

एक हजार हा आकडा माझे मत आहे, हे मान्य. मात्र सरळ `0.54` लिहिणे हेही मतच आहे, आणि त्यात काल्पनिक पैजा अनंत आहेत. या वादातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे हार-जीत मोजण्याऐवजी आपण घेतलेला भाव आणि सामना सुरू होण्याआधीचा शेवटचा भाव यांची तुलना करणे. आपण १.९१ ला घेतले आणि दलालाचा वाटा काढल्यावर शेवटचा भाव वारंवार १.८५ च्या आसपास निघत असेल, तर ५४ टक्क्यांचा दावा पन्नास-शंभर पैजांतच बळकट होतो, कारण भावांतला फरक हार-जितीइतका हेलकावत नाही.

लांबपल्ला

ज्या सामन्यांवर भरपूर पैसा लागतो, तेथे हे ठीक आहे. मी जेथे खेळतो तेथे शेवटचा भावही चार-दोन माणसांनीच हलवलेला असतो. त्याला खरा मानून स्वतःचे प्रमाण ठरवणे मला धोक्याचे वाटते.

दुर्बीण

तुमच्या बाजारासाठी हा आक्षेप योग्य आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

नोंदवही

माझी शंका वेगळी आहे. मी एकाच सामन्यावर अनेकदा दोन पैजा लावतो, एक विजेत्यावर आणि दुसरी त्याच संघाच्या फरकावर. वरच्या कार्यक्रमात प्रत्येक पैज स्वतंत्र धरली आहे. माझ्या पैजा बहुतेक वेळा एकत्रच जिंकतात किंवा एकत्रच हरतात. त्याने किती फरक पडतो?

सरळरेघ

टोकाची स्थिती धरून पाहा. दोन्ही पैजा नेहमीच एकत्र जिंकत वा हरत असतील, तर तुमच्या पाचशे पैजा म्हणजे प्रत्यक्षात दोन युनिटांच्या अडीचशे पैजा. अपेक्षित नफा तोच १५.७ युनिट राहतो, पण हंगामाचे प्रमाण विचलन २१ वरून ३० युनिटांवर जाते. २० युनिटांच्या भांडवलात दिवाळ्याची शक्यता १६ वरून ३६ टक्क्यांच्या आसपास पोहोचते, आणि हे ५४ टक्के अगदी खरे आहेत असे धरून. तुमची स्थिती या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असेल.

नोंदवही

मध्ये म्हणजे नेमकी कोठे, हे नोंदींवरून काढता येईल का? माझ्याकडे प्रत्येक पैजेपुढे सामन्याचे नाव आहे, पण जोड्यांची संख्या शंभरही नाही.

सरळरेघ

एवढ्या जोड्यांवरून परस्परसंबंधाचा आकडा काढलात, तर तोही तुमच्या ५४ टक्क्यांइतकाच डळमळीत असेल. मी आकडा काढण्याच्या फंदात न पडता पैजांऐवजी सामने उचलतो. नोंदींतला एक सामना यादृच्छिक रीतीने निवडायचा, त्यावरच्या सगळ्या पैजांचा मिळून जो निकाल लागला तो एकदम शिलकेत घालायचा, तो सामना पुन्हा निवडला जाण्यासाठी तसाच ठेवायचा आणि पाचशे पैजा होईपर्यंत हे करीत राहायचे. जोड्यांमधला संबंध त्यात आपोआप येतो. मात्र एकाच दिवशीचे निरनिराळे सामने एखाद्या सामाईक अंदाजावर लावले असतील, तर तो संबंध यात सुटतो, आणि तेव्हा सामन्यांऐवजी पूर्ण दिवस उचलावा लागतो.

अंकवेडा

दिवस उचलायचे ठरवले, तर माझ्या हंगामात निवडण्यासाठी साठ-सत्तरच गठ्ठे उरतात. तेवढ्यांतून २०,००० हंगाम काढणे कितपत अर्थपूर्ण आहे?

सरळरेघ

हंगाम कितीही काढा, वेगळी माहिती त्या साठ-सत्तर दिवसांचीच आहे. मी अशा वेळी दोन्ही रीतींनी चालवतो, आणि दिवसांचे उत्तर सामन्यांच्या उत्तरापेक्षा बरेच वाईट आले, तर वाईट आकड्यावरून भांडवल ठरवतो.